बाणांची जाडी

मार्च महिन्यातली दुपार होती. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या मुलांसमोर टेबलावर पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या ठेवला होता. बाईंनी सकाळी घरून निघताना फ्रिजमधलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. आता तांब्याच्या बाहेरच्या अंगाला घाम येईल, तो हवेतल्या बाष्पाचा असेल आणि तेवढं दाखवलं की सांद्रीभवनाची स्लाइड लावायची, असा बेत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तांब्या कोरडाच्या कोरडा. मुलं एकटक बघत होती. शेवटी मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, आपल्याकडच्या हवेत पाणीच न्हाई.”

बाईंनी स्लाइड लावलीच नाही. तास संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “तो चुकीचं बोलला, पण फार चुकीचं नाही बोलला. आता मला त्या दोन वाक्यांमधलं अंतर शिकवायचंय.”

जलचक्राच्या धड्यासाठी एक शिक्षिका स्लाइड कशा घडवते हे पाहायला मी त्या शाळेत गेलो होतो. जलचक्राचं चित्र आपण सगळ्यांनी वहीत काढलेलं आहे. डावीकडे समुद्र, वर हसरा सूर्य, समुद्रातून वर जाणारे नागमोडी बाण, ढग, उजवीकडे डोंगर, डोंगरावर पाऊस, डोंगरातून निघून पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. चार बाण, चार शब्द, आणि वर्तुळ पूर्ण. बाईंनी सुरुवातीला इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या संचात हेच चित्र होतं, फक्त डोंगरावर बर्फ होता आणि पायथ्याशी सूचिपर्णी झाडं. त्या वर्षी परीक्षेत सगळ्या मुलांनी आकृती बरोबर काढली. मग बाईंनी तोंडी विचारलं, “रात्री धुतलेली फरशी सकाळपर्यंत वाळते. रात्री सूर्य नसतो. मग पाणी गेलं कुठं?” निम्म्या वर्गाने सांगितलं की ते फरशीत मुरलं. शहाबादी फरशीत! उरलेले गप्प बसले. ज्यांनी बाष्पीभवनाची व्याख्या अचूक लिहिली होती तेही त्यांच्यात होते.

चूक चित्राचीच होती. चित्रात सूर्याचा बाण समुद्रावर पडतो आणि तिथूनच बाष्पाचा बाण निघतो, म्हणून सूर्य असेल तरच आणि समुद्र असेल तरच वाफ होते असं मुलाच्या डोक्यात बसतं. शिवाय ‘वाफ’ म्हटलं की चहाचं आधण आठवतं. पाणी शंभर अंशाला उकळतं हे पाठ असल्यामुळे शंभर अंशाखाली त्याची वाफ होत नाही, असा निष्कर्ष मूल स्वतःच काढून मोकळं होतं.

म्हणून बाईंच्या नव्या संचात पहिल्या स्लाइडवर समुद्र नाही. तिथे मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे, वर्गातल्या ओल्या फळ्याचा. खाली एकच वाक्य: ‘हे पाणी कुठं जाईल?’ ही स्लाइड लावली की बाई खरा फळा ओल्या फडक्याने पुसतात आणि बोलत नाहीत. तीन-चार मिनिटांत कडेकडून फळा सुकत जातो. फळ्याला चूल नाही, फळ्यावर ऊन नाही. दुसऱ्या स्लाइडवर तीन थाळ्यांचं चित्र: एक उन्हात, एक सावलीत, एक सावलीतच पण वर झाकण ठेवलेली. प्रत्येकीत मोजून दोन वाट्या पाणी. या थाळ्या शाळेत खरोखर मांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी पुन्हा वाटीनेच मोजायचं. उन्हातलं पाणी संपतं. सावलीतलं बरंच कमी होतं, आणि त्यातला काही भाग रात्रीतून गेलेला असतो. झाकलेलं जवळजवळ तेवढंच राहतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. उष्णता वेग वाढवते, वारा वेग वाढवतो, पण पृष्ठभागावरचे कण हवेत निसटणं कधीच थांबत नाही, हे मुलांना थाळीनेच सांगितलेलं असतं. ‘बाष्पीभवन’ हा शब्द बाई त्यानंतरच्या स्लाइडवर आणतात, तोही एकटाच, मोठ्या अक्षरात. “शब्द आधी दिला की मुलं शब्द धरतात आणि पाणी सोडून देतात,” असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पूर्ण पटलं.

ढगाच्या स्लाइडवर बाईंनी सर्वांत जास्त वेळ घालवला. ढग म्हणजे वाफ, हा समज मुलांइतकाच मोठ्यांतही घट्ट आहे. बाष्प दिसत नाही. चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहिलं तर तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यापुढे पांढरं सुरू होतं. रिकामी दिसते तिथे खरी वाफ असते. पांढरं दिसतं ते तिचं पुन्हा झालेलं पाणी, बारीक बारीक थेंबांचं. ढगही तसेच. बाईंनी किटलीचा फोटो जवळून काढून त्या बोटभर जागेवर लाल चौकट टाकली आहे आणि आत लिहिलं आहे, ‘इथं काय आहे?’

पुढचा प्रश्न मुलं विचारतातच. ढगात पाण्याचे थेंब असतील तर ढग खाली का पडत नाही? या उत्तरासाठी बाईंनी स्लाइडवर एक ठिपका काढला आहे आणि त्याच्या शेजारी एक वर्तुळ. ढगातल्या थेंबाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो, पावसाच्या मध्यम थेंबाचा २ मिलिमीटर. म्हणजे शंभरपट. भिंतीवरच्या पडद्यावर ठिपका एक सेंटिमीटरचा असेल तर वर्तुळ एक मीटरचं हवं, आणि बाईंनी ते प्रोजेक्टर मागेपुढे सरकवून टेपने मोजून तसं करून घेतलं. रुंदी शंभरपट म्हणजे आकारमान शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाखपट. पावसाच्या एका थेंबात ढगाचे दहा लाख थेंब मावतात. इतका बारीक थेंब सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली येतो, आणि वर चढणारा हलकासा वाराही त्याला उचलून धरतो. दहा लाख थेंब एकमेकांना मिळायला वेळ लागतो. ढग पुष्कळ असतात आणि पाऊस थोडा, त्यामागचं एक कारण हेच. माणदेशातल्या मुलांना हे कळणं मला फार गरजेचं वाटतं, कारण ढग येऊन पाऊस न पडणं हा त्यांच्या घरातला दरवर्षीचा अनुभव आहे.

तिथूनच संच सह्याद्रीकडे वळतो. मूळ संचातला बर्फाळ डोंगर काढून बाईंनी तिथे आपल्या भागाचा आडवा छेद काढला. डावीकडे अरबी समुद्र, मग कोकणपट्टी, मग एकदम उभा चढ आणि वर महाबळेश्वर, सुमारे १,३५० मीटर. पलीकडे वाई, सातारा आणि उजव्या टोकाला माण. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत भरतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. छेदावर प्रत्येक गावाच्या डोक्यावर पावसाच्या उंचीचा निळा खांब उभा केला आहे. माणचा खांब महाबळेश्वरच्या खांबाच्या पायाशी उभा केल्यासारखा दिसतो. वर्गात ही स्लाइड आली तेव्हा कोणीतरी हळूच “आयला” म्हणालं, आणि बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

असं का होतं, याचं उत्तर देताना मराठीच आडवी येते. या पावसाला आपण ‘प्रतिरोध पर्जन्य’ म्हणतो आणि समजावताना ‘डोंगर वारे अडवतात’, ‘ढग डोंगराला अडतात’ असं सांगतो. त्यावरून मुलाला वाटतं की ढग पाण्याची पखाल घेऊन येतात, भिंतीला धडकतात आणि पखाल फुटते. पण मग श्रावणात माणच्या आभाळातून दिवसभर पूर्वेकडे पळणारे ढग कुठून आले? ते तर अडलेच नाहीत! हा प्रश्न बाईंना एका मुलीने विचारला होता, आणि त्या दिवसापासून त्यांनी ‘अडणे’ हे क्रियापद स्लाइडमधून काढून टाकलं.

आता तिथे ‘चढणे’ आहे. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीवर चढते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा फुगते, आणि फुगताना गार होते, किलोमीटरमागे सुमारे दहा अंश. एका मर्यादेपर्यंत गार झाली की तिच्यातलं बाष्प बाष्परूपात राहू शकत नाही. धुळीचे, मिठाचे, धुराचे सूक्ष्म कण धरून त्याचे थेंब होतात आणि तिथून ढगाचा तळ सुरू होतो. थेंब बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून त्यापुढे हवा जरा सावकाश गार होते, पण वर ढकलणं चालू असेपर्यंत नवे थेंब बनतच राहतात. महाबळेश्वर ओलांडल्यावर हीच हवा उतरू लागते. उतरताना दाबली जाते, दाबताना तापते आणि तापली की ढगातले थेंब पुन्हा बाष्प होऊन दिसेनासे होतात. जे ढग माणपर्यंत पोचतात ते विरत चाललेले असतात. बाईंनी हे सायकलच्या पंपाने दाखवलं. चाकात जोरजोरात हवा भरल्यावर पंपाचं बूड गरम लागतं. तेच उलटं करायचं तर भरलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबून सुटणाऱ्या हवेवर बोट धरायचं, ती गार लागते. सायकल सगळ्यांकडे आहे, त्यामुळे हा भाग मुलांनी घरी जाऊनही केला.

छेद उजव्या टोकाला संपला की एक छोटी स्लाइड आहे, ‘मग आपला पाऊस कुठला?’ त्यावर वळीव आहे आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस आहे. जमीन तापून हवा तिथल्या तिथे उभी चढते तो वळीव. परतीच्या वेळी वाऱ्याची दिशा बदलून बंगालच्या उपसागराकडचं बाष्प येतं तो दुसरा. ही स्लाइड बाईंनी घाईने दाखवली. यावर एक वेगळा तास हवा, असं त्या म्हणाल्या.

संचातली खरी दुरुस्ती यापुढे आहे. वहीतल्या आकृतीत सगळे बाण एकाच जाडीचे असतात. जागतिक हिशेबात ते तसे मुळीच नाहीत. समुद्रावरून वर्षाला शंभर बादल्या पाणी वर गेलं असं धरलं, तर त्यातल्या नव्वदहून अधिक बादल्या परत समुद्रावरच पडतात. जमिनीवर येतात त्या आठ-नऊच. आणि जमिनीवर पडणाऱ्या पावसाचे साधारण तीनातले दोन भाग जमीन, पिकं, झाडं, तळी यांच्यावरून पुन्हा हवेत जातात. नदीनाल्यांतून समुद्राला मिळणारा वाटा तीनातला एकच. म्हणजे ज्या बाणावर आपली सगळी आकृती उभी आहे, समुद्रातून डोंगरावर आणि नदीतून समुद्रात, तो सगळ्या बाणांत बारीक आहे. पानांवाटे जाणाऱ्या पाण्याचा, बाष्पोच्छ्वासाचा, बाण पुष्कळ आकृत्यांत नसतोच, आणि जमिनीवरून वर जाणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

बाईंनी बाण जाडीच्या प्रमाणात काढले. समुद्रावरून वर जाणारा बाण दहा सेंटिमीटर रुंद, समुद्रावरच उतरणारा नऊ सेंटिमीटरांहून थोडा अधिक, जमिनीकडे सरकणारा एक सेंटिमीटरही नाही. स्लाइड बघताना पहिल्यांदा डोळे गोंधळतात, कारण नेहमीचं गोल दिसत नाही. समुद्रावर एक जाडजूड उभा खांब दिसतो आणि त्याच्या बाजूला जमिनीवर एक छोटी गडबड. मुलांनी विचारलं, “बाई, चक्र कुठाय?” बाईंचा डाव असा की बाण एकेक क्लिकला एकेक यावा आणि प्रत्येक बाण येण्याआधी मुलांनी हाताच्या दोन तळव्यांनी त्याची जाडी किती असेल ते दाखवावं. नदीच्या बाणाला सगळ्यांनी हात भरपूर लांब केले. मग पडद्यावर करंगळीएवढा बाण आला. तो क्षण मी विसरणार नाही.

माणूस कुठे आहे, हा या आकृत्यांतला दुसरा मोठा खड्डा. २०१९ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात जगभरातल्या पाठ्यपुस्तकांतल्या आणि इतर ठिकाणच्या ४६४ जलचक्र-आकृत्या तपासल्या होत्या. माणसाचा पाण्याशी संबंध दाखवणाऱ्या आकृत्या निघाल्या शेकडा फक्त १५. धरणं, कालवे, पंप, शेती, शहरं यांतलं काहीच नाही, नुसता निर्मनुष्य डोंगर आणि निर्मळ नदी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०२२ मध्ये आपली जुनी, जगभर वापरली जाणारी आकृती बदलून शेतं, कारखाने, धरणं असलेली नवी आकृती काढली, ती याच काळात.

सातारा जिल्ह्यातल्या शिक्षिकेला मात्र इतकं लांब जायची गरज नाही. तिच्या जिल्ह्यात कोयना आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कोयना दक्षिणेला जाऊन मग पूर्वेला वळते, कराडला कृष्णेत मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. पण हेळवाकजवळ धरण आहे, सुमारे १०५ टीएमसी साठ्याचं. तिथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेऊन पोफळीच्या बाजूला खाली सोडतात आणि त्यावर वीज करतात. जनित्रं फिरवून झाल्यावर ते वाशिष्ठी नदीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं आणि अरबी समुद्रात मिसळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, असं पश्चिमेला वळवायची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी घातली. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे दरवर्षी सुमारे १९१ कोटी घनमीटरपर्यंत पाणी, ज्याचा निसर्गातला रस्ता पूर्वेच्या समुद्राकडे होता, ते माणूस पश्चिमेच्या समुद्राला नेऊन सोडतो.

ही स्लाइड करताना बाईंनी दोन रंग वापरले. निसर्गाचे बाण निळे, माणसाचे केशरी. पोफळीचा केशरी बाण डोंगराच्या आतून जातो. दुसरा केशरी बाण उलट्या दिशेचा, चढणारा आहे: जिहे-कठापूर उपसा योजनेत कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून खटाव-माणकडे आणतात, तो. “नदी वर चढती का कुठं?” एकाने विचारलं. दुसऱ्याने लगेच सांगितलं, “लाईट आसल तर चढती.” बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर टाकलं. जलचक्र सूर्याच्या उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालतं, आणि आपल्या तालुक्यात त्याला विजेचीही जोड द्यावी लागते. सहावीतल्या पोराने ते चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

उरली जमिनीखालची स्लाइड. इथे मी थोडा हट्ट केला, कारण सर्वांत जास्त चुका इथेच पाहिल्या आहेत. आकृतीत ‘भूजल’ म्हणून जमिनीखाली निळा पट्टा काढतात, तळ्यासारखा. मुलं त्याला ‘खालची नदी’ म्हणतात, आणि मोठी माणसंही बोअरला ‘नदी लागली’ म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. समुद्राचं पाणी भूमिगत वाटांनी डोंगरात चढतं आणि झरे होऊन बाहेर पडतं, असं युरोपातले विद्वान शतकानुशतकं मानत होते. नद्या वाहत्या ठेवायला नुसता पाऊस पुरेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच माणसाने सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्याचं क्षेत्रफळ आणि तिथला पाऊस यांचा गुणाकार केला आणि नदीच्या वर्षाच्या प्रवाहाशी ताडून पाहिला. पाऊस नदीच्या सहापट निघाला. गुणाकार एकच, पण त्याने मोठा वाद मिटवण्याची सुरुवात केली.

बाईंनीही मुलांकडून गुणाकारच करून घेतला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यात कायम ठेवलं. खाली विहिरीचा छेद: वर हात-दोन हात माती, मग मुरूम, मग कातळ. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टवर आहे. या दगडात पाणी वाळूत राहतं तसं सगळीकडे राहत नाही. ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत राहतं. विहीर खणताना पाझर फुटतो तो या भेगेचा. म्हणून शेजारच्या विहिरीला पाणी असतं आणि आपल्या विहिरीला नसतं. निळा पट्टा काढून टाकून बाईंनी भेगांमध्ये निळे धागे काढले.

मग हिशेब. भूजलाचा अंदाज काढताना बेसॉल्टच्या प्रदेशात पावसाचे शेकडा साधारण ७ ते १३ भाग जमिनीत मुरतात असं धरण्याचा प्रघात आहे, दगड किती झिजला आहे आणि किती सच्छिद्र आहे त्यावर. मुलांनी सोपं म्हणून १० घेतले. ५०० मिलिमीटरपैकी ५० मिलिमीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी वर्षाला दोन लाख लिटर पाणी खाली गेलं. दिसायला पुष्कळ. आता उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. पावसाचे ५०० वजा केले तरी १,५०० हवेत, आणि ते विहिरीतून उपसायचे. १,५०० भागिले ५०. उत्तर ३०. एका एकर उसाला तीस एकरांवर मुरलेलं पाणी. हा हिशेब ढोबळ आहे, उपसलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं आणि कोरड्या वर्षी मुरतं त्याहून कमी. पण तीस हा आकडा फळ्यावर उमटला तेव्हा वर्ग शांत झाला. काहींच्या घरी ऊस आहे. बाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत आणि त्यांनी पुढची स्लाइडही लावली नाही. मला ते योग्य वाटलं. उसावरचं मत त्या मुलांच्या घरात ठरू दे, शाळेने आकडा दिला.

स्लाइडच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं सांगतो, कारण चांगला धडा इथेच हमखास फसतो. वर्गाला पत्र्याचं छप्पर आहे आणि खिडक्यांना पडदे नाहीत. दिवसा प्रोजेक्टरचा प्रकाश फिका पडतो, म्हणून निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं मुळीच वाचता येत नाहीत. बाईंच्या सगळ्या संचात मजकूर पांढऱ्यावर काळा आहे आणि रेषा जाड आहेत. पहिल्या वर्षी घरच्या संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर शाळेच्या संगणकावर उघडला तर ‘बाष्पीभवन’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा खच दिसला, कारण तो फॉन्ट तिथे नव्हता. आता त्या युनिकोडमध्येच लिहितात आणि आकृत्यांतली नावं चित्रातच बसवून टाकतात. आणि वीज गेली तर? प्रत्येक स्लाइडची एक छापील प्रत पुठ्ठ्याला चिकटवून कपाटात ठेवलेली आहे. मी गेलो त्या तीन दिवसांत ती एकदा काढावी लागली.

शेवटची स्लाइड कोरी आहे. वर एवढंच: ‘आज सकाळी प्यालेलं पाणी त्याआधी कुठं होतं? मागे मागे जा.’ मुलांनी उलटे बाण काढायचे. ही त्यांची परीक्षा. बाई यात आकृती सुबक आहे का हे बघत नाहीत, दोनच गोष्टी बघतात: मुलाने सगळे थेंब एकाच वाटेने नेले का, आणि कुठे माणूस आला का. हंड्यातून टँकर, टँकरमधून तलाव, तलावातून पंप, पंपातून कृष्णा, कृष्णेतून महाबळेश्वर, असा एकाचा प्रवास होता. दुसरीने विहिरीपाशी तीन बाण काढले होते आणि एकावर लिहिलं होतं, ‘हे लई जुनं आसंल.’ सात मुलांनी मात्र अजूनही ढगापाशी ‘वाफ’ लिहिलं. बाईंनी त्यांची नावं नाही टिपली, स्लाइडचा क्रमांक टिपला. किटलीचा फोटो पुरत नाही, असं त्यांचं अनुमान.

तांब्याचं तेवढं राहिलं होतं. घाम का आला नाही ते आम्ही त्याच संध्याकाळी आकडे मांडून पाहिलं. दुपारी ३६ अंश आणि हवेतला ओलावा शेकडा २० च्या आसपास धरला, तर बाहेरचं बाष्प जमायला तांब्याचं अंग सुमारे साडेनऊ अंशांच्या खाली जायला हवं. बाईंचं पाणी घरून शाळेत येईपर्यंत पंधराच्या वर गेलेलं असणार. पावसाळ्यात २५ अंश आणि ८५ टक्के ओलावा असेल तर हीच मर्यादा २२ अंशांवर येते, मग बाटलीतलं साधं गार पाणीही पुरतं. हवेत पाणी नव्हतं असं नाही. ते इतकं कमी होतं की त्या तांब्याला ते धरता आलं नाही. एवढंच त्या दोन वाक्यांमधलं अंतर.

श्रावणात मी पुन्हा गेलो. मुलं आता सातवीत होती. बाहेर भुरभुर होती, पाऊस म्हणावा असा नव्हता, आणि ढग पूर्वेकडे पळत होते. बाईंनी तोच तांब्या बर्फाच्या पाण्याने भरला, पाण्यात निळी शाई टाकली, वर घट्ट झाकण लावलं आणि किराणा दुकानातून मागून आणलेल्या काट्यावर ठेवला. पाच मिनिटांत तांब्या धुरकटला, मग थेंब ओघळू लागले. थेंब पांढऱ्या रुमालाने टिपले, रुमाल निळा झाला नाही, म्हणजे आतलं पाणी पाझरलं नव्हतं. मग तांब्या कोरडा पुसून काटा शून्यावर आणला आणि अर्धा तास सगळे थांबले. काटा तीन ग्रॅमवर गेला.

मार्चमध्ये मागच्या ओळीत बसलेला मुलगा या वेळी पुढे येऊन उभा होता. त्याने ओला तांब्या बोटाने पुसला, बोट पाहिलं आणि म्हणाला, “बाई, म्हंजी ह्ये महाबळेश्वराला पडलंच न्हाई. डोंगर वलांडून हिकडं आलंय.”

बाईंनी छेदाची स्लाइड पुन्हा लावली आणि माणच्या खांबाच्या वर, आभाळात, खडूने तीन ठिपके काढले. प्रोजेक्टरचा प्रकाश या वेळी फळ्यावरच पडत होता.